डॉक्टरांच्या पाकिटातल्या सात ओळी

भवानी पेठेत माझा छापखाना होता असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, काही कप्पेवाल्या केसी, शाईनं काळं पडलेलं एक टेबल आणि पाऊस लागला की गळणारं छप्पर, एवढीच ती मालमत्ता. मशीन मी चालवायचो, खिळे कंपॉझिटर जुळवायचा. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, तेलगू विणकरांच्या घरातला. बापानं त्याला मागावर बसवायचा प्रयत्न केला होता. पण याचं लक्ष धाग्यापेक्षा अक्षरात जास्त, म्हणून तो छापखान्यात आला. मला तो मालक म्हणायचा, पण ज्या सुरात म्हणायचा त्यावरून मालक कोण आहे याविषयी कुणाचा गैरसमज होत नसे.

या कंपॉझिटरच्या भरवशावर मी एक मूर्खपणा केला. मद्रासेहून तेलगू खिळे मागवले. सोलापुरात निम्मी विणकर पेठ तेलगू बोलते, त्यांची लग्नं होतात, बारशी होतात, भजनी मंडळं आहेत, मग पत्रिका तेलगूतच छापून घेणार, असा माझा हिशेब. खिळे आले, आम्ही ते दोन केसींत भरले आणि वाट पाहत बसलो. पहिल्या वर्षी एक लग्नपत्रिका आली. लोक म्हणाले, मराठीत छापा, पाहुण्यांत वजन पडतं. दुसऱ्या वर्षी तीही आली नाही. केसींवर धूळ बसली. कंपॉझिटर रोज सकाळी फडक्यानं ती पुसायचा आणि म्हणायचा, "मालक, द्येवाऱ्यातले द्येव पुसल्यागत वाटतंय. फकस्त निवेद न्हाय."

गिरणीची कल्पना त्यानंच दिली. त्याचा धाकटा भाऊ एका मोठ्या गिरणीत मागावर होता. गिरणीत काही नवा नियम निघाला की मराठीत छापलेला कागद फाटकाशी आणि विणाई खात्यात चिकटवत. निम्म्या विणकरांना तो वाचता येत नसे. मग जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, तो वाचून दाखवायचा, आणि वाचता वाचता स्वतःच्या पदरचे दोन नियम त्यात घालायचा. "लोकं म्हणत्यात, सायबाचा कायदा एक आन् जॉबरचा दोन," कंपॉझिटर म्हणाला. "तेलगूत छापलं तर जॉबरचं तोंड बंद हुईल की."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. गिरणीच्या सगळ्या सूचना तेलगूत छापायच्या. प्रश्न एवढाच होता की हे गिरणीच्या मॅनेजरला सांगायचं कसं. मॅनेजर बडोद्याकडचा मराठी माणूस होता, नवा आलेला, कडक म्हणून नाव झालेला. माझी त्याची ओळख नव्हती. गिरणीच्या फाटकावर जो पठाण उभा असे त्याचीही नव्हती. तरी मी एकदा धुतलेला कोट घालून गेलोच. पठाणानं विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हणालो, मॅनेजरसाहेबांना. त्यानं माझ्या कोटाकडे पाहिलं, बोटांवरच्या शाईकडे पाहिलं आणि सांगितलं की रंगखात्याची भरती पलीकडच्या फाटकाशी होते.

मग मी माझ्या चुलत सासऱ्यांना धरलं. ते जेऊरला राहत. थोडी शेती, थोडं पुढारीपण आणि ओळखी मात्र साऱ्या जिल्ह्यात, असं ते स्वतः सांगत. मी मॅनेजरचं नाव काढताच त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे, तो तर आपला माणूस. आधी का नाही बोललास?" आणि तिथल्या तिथे खिशातल्या एका कागदावर लिहून दिलं: चिठ्ठी आणणारे आमचे जावई, मुंबई इलाख्यातले पहिल्या प्रतीचे छापखानदार, यांना माझ्या शब्दाखातर शक्य ते सर्व साहाय्य करावे.

ती चिठ्ठी वाचून मी स्वतःच थोडा फुगलो. पुढच्या सोमवारी ती घेऊन फाटकाशी गेलो. चिठ्ठी होती म्हणून पठाणानं ती आत पाठवली. मी अर्धा तास उन्हात उभा. मग एक कारकून बाहेर आला, माझ्यासमोर चिठ्ठी धरून म्हणाला, "साहेब विचारतात, ही सही कुणाची?"

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. कारकून आत गेला, परत आला. "साहेब विचारतात, हे कोण?"

मी सांगितलं की जेऊरचे. कारकून तिसऱ्यांदा आत गेला नाही. तिथेच म्हणाला, "साहेबांना आठवत नाहीत," आणि चिठ्ठी माझ्या हातात देऊन निघून गेला. पठाण हे सगळं ऐकत होता. त्याला मराठी येत नाही असं मी समजत होतो, पण तो ज्या तऱ्हेनं मिशीवरून हात फिरवत होता त्यावरून येत असावं.

पुढे कळलं ते असं. मॅनेजर नोकरीवर रुजू व्हायला येत होते त्या दिवशी चुलत सासरे जेऊरहून त्याच डब्यात चढले होते. कुर्डुवाडीपर्यंत त्यांनी ज्वारीच्या पिकावर व्याख्यान दिलं आणि नंतर मॅनेजरच्या डब्यातला चिवडा खाल्ला. एवढीच ती ओळख.

मी घरी येऊन कोट खुंटीला टांगला आणि हे सगळं बायकोला सांगितलं, अर्थात पठाणाचा भाग गाळून. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काकांना कशाला विचारलंत? डॉक्टर रोज त्या बंगल्यावर जातात. मॅनेजरच्या आईला दमा आहे."

"तुला कसं माहीत?"

"दवाखान्यात बाकावर बसलं की सगळं कळतं. तुम्ही लेबलं देऊन लगेच निघून येता."

नवी पेठेत कापडाच्या दुकानांच्या वर डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्या औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं मी छापत असे: 'हलवून घेणे', 'दिवसातून तीन वेळा', 'बाहेरून लावण्याचे'. डॉक्टर साठीच्या घरातले, बुटके, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरणारे. रोग्यांशी ते फार उद्धटपणे बोलत आणि रोगी त्यांच्याकडेच जात, कारण जो डॉक्टर इतका चिडतो त्याला काहीतरी कळत असणार असा सोलापूरचा समज होता.

मी दुपारी गेलो तेव्हा शेवटचा रोगी जिना उतरत होता. मी लेबलांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं: तेलगू खिळे, गिरणी, जॉबर, मॅनेजर. चुलत सासऱ्यांची चिठ्ठीही दाखवली. डॉक्टरांनी ती वाचली आणि पहिल्यांदाच मला ते हसताना दिसले.

"मुंबई इलाख्यातले पहिल्या प्रतीचे," ते म्हणाले. "यांनी इलाखा बघितलाय का?"

मी हात पुढे करून चिठ्ठी परत घेतली.

"हे बघ," डॉक्टर म्हणाले. "माझी त्यांची ओळख किती, ते आधी समजून घे. मी त्यांच्या आईच्या छातीला ओळखतो. त्यांच्या स्वतःच्या घशाला ओळखतो. गिरणीच्या कारभारात मी कधी तोंड घातलेलं नाही. तू पहिल्या प्रतीचा आहेस असं मी सांगितलं तर त्यांना वाटेल, या माणसानं माझ्या आईच्या दम्याचं निमित्त करून आपला माणूस पुढे काढला. मग पुढच्या वेळी मी पथ्य सांगेन त्यावरही ते विश्वास ठेवणार नाहीत. कळलं?"

"कळलं. म्हणजे नाही म्हणताय."

"नाही म्हणायचं असतं तर एवढं बोललो असतो का? तुझ्या लेबलांविषयी मला जेवढं ठाऊक आहे तेवढं मी सांगीन. बाटलीवर पाणी सांडलं तरी शाई पसरत नाही, आणि बुधवारी देतो म्हणालास तर बुधवारी देतोस. यापलीकडे एक अक्षर नाही. बाकीचं तू लिहून आण. थोडक्यात. मला उद्देशून लिही, पण असं लिही की मी ते न बदलता त्यांच्यापुढे ठेवू शकेन. मला तुझी वकिली करायला लागता कामा नये. माझ्याकडे वेळ नाही आणि मला ती येतही नाही."

मी त्या दिवशी मशीन अर्धा दिवस बंद ठेवलं आणि लिहीत बसलो. सुरुवात माझ्या आजोबांपासून केली. आजोबा संस्थानात लेखनिक होते. त्यांचं अक्षर पाहून महाराज प्रसन्न झाले होते, असं आमच्या घरी सांगतात. तिथून वडिलांवर आलो, मग माझं शिक्षण, मग छापखाना काढण्यामागचा उदात्त हेतू, मग तेलगू आणि मराठी या दोन भगिनींचं प्राचीन नातं. दोन मोठे ताव दोन्ही बाजूंनी भरले. कंपॉझिटरला वाचून दाखवलं. तो ऐकता ऐकता खिळे केसीत टाकत होता. संपल्यावर म्हणाला, "लई झ्याक हाय. पर हे जुळवायचं म्हंजी माझं आठ दिस जातील."

"जुळवायचं नाही. हाताने लिहून द्यायचंय."

"मंग त्यो वाचायला आठ दिस घील."

दुसऱ्या दिवशी मी ते ताव डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी पहिलं पान अर्धं वाचलं, उलटं केलं, चौथ्या पानावर शेवट पाहिला आणि औषधं लिहायची निळी पेन्सिल उचलली. आजोबांवर एक आडवी रेघ. महाराज, वडील, उदात्त हेतू, दोन्ही भगिनी, सगळ्यांवर एकच रेघ वरून खालपर्यंत. एका वाक्याशी पेन्सिल थांबली.

"'आमच्या तेलगू छपाईत एकही चूक होत नाही.' तुला तेलगू येतं?"

"बोलायला थोडं थोडं. वाचता येत नाही."

"मग चूक होत नाही हे तुला कसं कळलं?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"मॅनेजर हाच पहिला प्रश्न विचारणार. त्याला तिथे बसून उत्तर देण्यापेक्षा आधीच लिही. तुला तेलगू येत नाही असं लिही."

"असं लिहिलं तर मला कोण बोलावणार?"

"आणि नाही लिहिलंस तर बोलावतील, विचारतील, आणि तू माझ्या नावावर त्यांच्या खोलीत गप्प उभा राहशील. ते मला चालणार नाही." त्यांनी ताव माझ्याकडे सरकवले. "तू कोण, काय करतोस, त्यांना त्याचं काय, काय मागतोस. आणि नको असेल तर त्यांनी काय करायचं. एवढंच. त्या माणसाला नाही म्हणायला अवघड जाईल असं काही लिहू नकोस. अवघड गेलं की माणूस उत्तरच देत नाही."

दुसरा मसुदा लहान होता, पण मी घाबरून गेलो होतो, म्हणून तो फार नम्र झाला. त्यात मी दोनदा 'चरणी' आणि एकदा 'पामर' लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हा कोण, छापखानेवाला की गोसावी?" आणि तोही परत केला.

तिसरा मसुदा बायकोनं लिहिला, असं म्हटलं तरी चालेल. मी बोलत होतो आणि प्रत्येक वाक्याला ती विचारत होती, "हे त्यांना कशाला सांगायचं?" ज्या वाक्यांना मला उत्तर देता आलं तेवढीच राहिली. कंपॉझिटरनं एक गोष्ट सुचवली: पेठेतल्या शाळेत तेलगू शिकवणारे एक मास्तर त्याच्या ओळखीचे होते, ते प्रूफ तपासायला तयार होते. मी त्यांना भेटून होकार घेतला, मगच ते वाक्य घातलं. शेवटी असा कागद झाला:

'डॉक्टरसाहेब यांस. भवानी पेठेत माझा लहान छापखाना आहे. आपल्या दवाखान्याची लेबले तिथे छापतो. माझ्याकडे तेलगू खिळे आहेत. गिरणीच्या सूचना मराठीत निघतात आणि बऱ्याच विणकरांना त्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागतात, असे ऐकतो. त्या तेलगूतही छापून देण्याविषयी मॅनेजरसाहेबांना दहा मिनिटे भेटावे अशी इच्छा आहे. मला स्वतःला तेलगू वाचता येत नाही. कंपॉझिटर विणकर घरातला आहे, तो जुळवतो, आणि शाळेतले एक तेलगू मास्तर प्रूफ तपासतात. छपाईचा नमुना सोबत जोडला आहे. गरज नसल्यास त्यांनी आपल्याजवळ नुसते नको म्हटले तरी पुरे. मी पुन्हा तसदी देणार नाही.'

डॉक्टरांनी मोजलं. "सात ओळी. ठीक." पेन्सिल त्यांनी खाली ठेवली आणि मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "मग मी आज संध्याकाळी फाटकाशी जाऊ?"

"कुठेही जायचं नाही. मी आधी त्यांना विचारीन की असा कागद आहे, पाहता का. हो म्हणाले तर देईन. तू गिरणीच्या भागात दिसूही नकोस."

त्यानंतरचे बारा दिवस मी लेबलं फार लवकर लवकर नेऊन दिली. डॉक्टरांना लेबलं नको होती. बाकावर बसून मी ऐकत असे, पण बायकोला जे कळायचं त्यातलं मला काही कळेना. डॉक्टर माझ्याकडे बघून फक्त मान हलवायचे. तेराव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि पाकिटातून तोच कागद काढला.

झालं होतं असं. डॉक्टरांनी बंगल्यावर कागदाचा विषय काढला. मॅनेजर म्हणाले, बघू. डॉक्टरांनी कागद दिला आणि लेबलांविषयी आपली दोन वाक्यं सांगितली, शाई आणि बुधवार. मॅनेजरनी तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, यातलं मला काही कळत नाही, हे वीव्हिंग मास्टरचं काम. आणि पुढे काही लिहीत न बसता तोच कागद, तसाच, विणाई खात्याच्या वीव्हिंग मास्टरकडे पाठवून दिला. मास्टरनी आठ दिवस ठेवला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून परत पाठवला: 'गुरुवारी चार वाजता. कंपॉझिटरला घेऊन या.'

"दोन ताव पाठवले असतेस," डॉक्टर म्हणाले, "तर ते बंगल्यावरच राहिले असते. त्यांच्या आईनं त्यावर शेंगा सोलल्या असत्या."

मला मात्र जरा खट्टू वाटलं. मला मॅनेजर हवा होता, आणि मिळाला वीव्हिंग मास्टर. शिवाय बोलावणं माझं नव्हतं, कंपॉझिटरचं होतं. मी जाऊन त्याला सांगितलं. त्यानं खिळा हातात धरून ठेवला.

"मला?"

"तुला. घेऊन या असं लिहिलंय."

"म्होरल्या दारानं?"

"दार कोणतं ते लिहिलेलं नाही."

तो खिळे जुळवायला लागला. एक ओळ पुरी केली. मग म्हणाला, "माझा बा त्या गिरणीत आयुष्यभर व्हता. हाफिसात कदी गेला न्हाय. दंड झाला तरी खिडकीतनं सांगायचे."

गुरुवारी तो नवं धोतर नेसून आला. डोक्याला फेटा. मी माझा तो कोट घातला. फाटकाशी पठाणानं कागद पाहिला, मागची पेन्सिलीची ओळ पाहिली आणि आम्हाला आत सोडलं. माझ्याकडे त्यानं असं पाहिलं की कोट तोच आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं.

वीव्हिंग मास्टर काळासावळा, उंच, घामेजलेला माणूस होता. खात्यातून नुकताच आला होता, कानात अजून मागांचा आवाज असावा, कारण तो फार मोठ्यानं बोलायचा. त्याच्या टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या. मी एकीवर बसलो. कंपॉझिटर भिंतीशी उभा राहिला.

"ते कोण?" मास्टरनी विचारलं.

"कंपॉझिटर."

"मग त्यांना बसवा ना. मी त्यांनाच बोलावलंय. तुम्हाला तेलगू येत नाही असं तुम्हीच लिहिलंय."

कंपॉझिटर बसला. खुर्चीच्या अगदी कडेला, उठायची तयारी ठेवून. मास्टरनी खणातून एक चुरगळलेला कागद काढून त्याच्यापुढे टाकला. तो तेलगूत होता. "हा आमच्या एका कारकुनानं हातानं लिहिला. महिन्यापूर्वी खात्यात लावला. मी तो काढला, कारण लोक त्याच्यापुढे उभं राहून हसत होते. का हसत होते ते मला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा."

कंपॉझिटरनं कागद डोळ्यांजवळ नेला. एकदा वाचला. परत वाचला. त्याच्या गालातली शीर हलली. मला त्याची सवय ठाऊक होती. तो हसू आवरत होता.

"साहेब, मूळ मराठी काय व्हतं?"

"विणकरांनी धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढू नये. डॉक्टर लोक म्हणतात त्यानं दात जातात, छातीत कापूस जातो, एकाचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला लावला की रोग पसरतो." धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी नाव, एवढं मला ठाऊक होतं.

"हितं लिवलंय," कंपॉझिटर म्हणाला, "जेवताना धोटा खाऊ नये."

मास्टर इतक्या मोठ्यानं हसला की बाहेरचा कारकून आत डोकावला. ती सूचना लिहिणारा कारकून तोच होता की नाही, हे मी विचारलं नाही.

पुढची वीस मिनिटं ते दोघंच बोलले. मी नमुन्याचा कागद हातात घेऊन बसलो होतो, तो कुणी मागितला नाही. कंपॉझिटर सांगत होता की नुसतं 'ओढू नये' म्हणून चालणार नाही. हातानं ओढायला वेळ लागतो, तेवढा वेळ माग बंद राहतो आणि पगार कापडावर असतो, म्हणून लोक तोंडानं ओढतात. त्याच्या भावाचे पुढचे दात त्यापायीच गेले. मग कागदावर निदान हातानं दोरा ओढायचा तारेचा आकडा खात्यात कुठं मिळतो तेवढं तरी लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल की काहीतरी सांगितलंय. मास्टर ऐकत होता. एकदा म्हणाला, "आकडे द्यायला पाहिजेत, खरं आहे," आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं.

पुढे आकडे आले की नाही मला ठाऊक नाही. पण सूचना आल्या. पहिली तीच, धोट्याची. शाळेच्या मास्तरांनी प्रूफ तपासलं, त्यांनी एक काना बदलला, कंपॉझिटरनं वाद घातला आणि शेवटी मास्तरांचंच ऐकलं. आम्ही पन्नास प्रती छापल्या. मी बुधवारी नेऊन दिल्या. मग दुसरी आली, आगीच्या बादल्यांची, मग सुट्ट्यांची. मोठं काम नव्हतं. गिरणी काही माझ्यावर चालली नव्हती. पण केसींवर धूळ बसायची थांबली आणि कंपॉझिटर सकाळी फडकं घ्यायचं विसरू लागला.

या आनंदात मी एक चूक केली. डॉक्टरांकडे गेलोच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, पहिली प्रत घेऊन जाऊ, दुसरीचं काम संपवून जाऊ, असं करता करता तीन आठवडे गेले. त्यांच्या लेबलांचा पुढचा गठ्ठा बायकोच्या हाती पाठवला. ती परत आली आणि म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय. आणि बाकावरच्या सगळ्यांदेखत बोलावलंय."

मी गेलो. डॉक्टर एका माणसाचं गळू कापत होते. त्याच्याकडे बघतच माझ्याशी बोलले.

"काम मिळालं म्हणे."

"हो. मी येणारच होतो."

"मला मॅनेजरनी सांगितलं. काल. बंगल्यावर. ते म्हणाले, तुमचा माणूस बरा निघाला. आणि मी म्हणालो, कोण माणूस?" गळू फुटलं, रोगी ओरडला, डॉक्टरांनी त्याला गप्प बस म्हणून सांगितलं. "मला ठाऊकच नव्हतं की तुला काम मिळालं. त्यांना वाटलं असेल, हा म्हातारा आपल्या माणसाची चौकशीसुद्धा ठेवत नाही. मी माझं नाव तुझ्या खिशात घातलं होतं. ते खिशातच ठेवून तू फिरतोयस."

गळूवाल्याचं पट्टी बांधणं होईपर्यंत मी उभा राहिलो. मग म्हणालो, "चुकलो. त्याच दिवशी यायला पाहिजे होतं."

"यायलाच पाहिजे होतं असं नाही. एक ओळ पाठवली असतीस तरी चाललं असतं. 'भेटलो, काम मिळालं' किंवा 'भेटलो, हाकललं.' हाकललेलंही कळवायचं असतं, उलट तेच आधी. म्हणजे पुढच्या वेळी कुणासाठी तोंड उघडायचं की नाही ते मला कळतं."

मी खिशातून धोट्याच्या सूचनेची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांना तेलगू येत नव्हतं. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, मग मी सुलटी करून दिली. त्यांनी बोट ओलं करून एका अक्षरावर चोळलं.

"शाई पसरत नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

त्या दिवशी मी घरी न जाता छापखान्याकडे वळलो. डॉक्टरांना सांगितलं नाही, तसंच मॅनेजरना आणि वीव्हिंग मास्टरलाही आभाराचा शब्द लिहिला नव्हता, हे रस्त्यात आठवलं. टपालाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून मी दोन कार्डं लिहिली, प्रत्येकी तीन ओळींची. मॅनेजरच्या कार्डावर मी 'आपल्या आईंची प्रकृती' असं लिहायला घेतलं, आणि मग ते खोडून टाकलं, कारण ते मला डॉक्टरांच्या बाकावरून कळलं होतं आणि ते वापरायचा मला अधिकार नव्हता. खाडाखोड दिसत होती म्हणून नवं कार्ड घेऊन परत लिहिलं आणि दोन्ही पेटीत टाकली.

छापखान्यात पोचलो तेव्हा कंपॉझिटर दारात उभा होता. त्याचा भाऊ येऊन गेला होता. त्यानं सांगितलं होतं की सूचना लागली, लोक थांबून वाचतात, एकमेकांना वाचून दाखवतात, जॉबर बाजूला उभा राहतो. हसतं का कुणी, मी विचारलं.

"न्हाय," कंपॉझिटर म्हणाला. "वाचत्यात, मान हालवत्यात, आन् परत मागावर जाऊन दोरा तोंडानं वढत्यात."

मग आगीच्या बादल्यांचं प्रूफ शाळेच्या मास्तरांकडून परत आलं होतं ते त्यानं माझ्या हातात दिलं. एक चूक निघाली होती, आणि ती कुठे आहे ते त्यानं बोट लावून दाखवलं तेव्हाच मला दिसलं.